परिषदेला आलेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट कसा तपासायचा? केळीच्या घडाला घातलेल्या पिशवीचं एक उदाहरण

पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांमध्ये परिषदांचा हंगाम सुरू होतो. बॅनर लागतात, पत्रिका फिरतात आणि त्याच सुमारास तरुण प्राध्यापकांच्या मेलवर एक विनंती येते: सोबत काही अ‍ॅबस्ट्रॅक्ट जोडले आहेत, चार दिवसांत तपासून पाठवा. बरोबर एक तक्ता असतो. त्यात तीन खाने: विषयाशी संबंध, नवेपणा, स्पष्टता. प्रत्येकाला पाचपैकी गुण. हे गुण द्यायचे कसे, हे मात्र कुणी सांगत नाही. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात शोधनिबंध लिहायला शिकवतात, दुसऱ्याचा तपासायला फारसं कुणी शिकवत नाही. मग बरेच जण सगळीकडे चार-चार टाकतात, खाली ‘चांगले काम’ लिहितात आणि फाइल परत करतात.

यात नुकसान लिहिणाऱ्याचं होतं. त्याचं काम कुठे पक्कं आहे आणि कुठे पोकळ, हे त्याला कळतच नाही. म्हणून एकच अ‍ॅबस्ट्रॅक्ट घेऊन तो या तीन खान्यांतून कसा न्यायचा, ते इथे सविस्तर मांडतो.

## आधी दोन शब्द समजून घेऊ

अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे आपण काय तपासलं, कसं तपासलं, काय सापडलं आणि त्यावरून काय म्हणता येतं, याचा साधारण अडीचशे शब्दांचा सारांश. परिषदेत कुणाला व्याख्यान द्यायचं, कुणाला पोस्टर लावायला सांगायचं आणि कुणाला नाही म्हणायचं, हे या सारांशावरून ठरतं. तो वाचून मत देणारा त्याच विषयातला दुसरा अभ्यासक म्हणजे रिव्ह्यूअर.

रिव्ह्यूअरच्या हातात पूर्ण निबंध नसतो. तक्ते, आलेख, फोटो यांतलं काहीच नसतं. जे लिहिलंय तेवढंच तपासायचं. ‘याला बहुतेक असं म्हणायचं असेल’ असं मनाशी धरून गुण दिले, तर ते आपल्याच कल्पनेला दिलेले गुण ठरतात.

सारांशच तर आहे, एवढी चिकित्सा कशाला, असं काही जण म्हणतात. परिषदांमधल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टचं पुढे काय होतं, याचा एक मोठा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये प्रसिद्ध केला. प्रामुख्याने वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय विषयांतले तीन लाखांहून जास्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट त्यात मोजले गेले. त्यांतले साधारण 37 टक्केच पुढे पूर्ण लेख म्हणून छापून आले. म्हणजे बहुतेक कामांची एकमेव छापील खूण म्हणजे तो सारांश. पुढचा विद्यार्थी तोच वाचणार, त्याचाच संदर्भ देणार.

## उदाहरणासाठी एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट

खालचा मजकूर मी रचलेला आहे, कुणाचा खरा नाही. मात्र अशा धाटणीचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट आपल्याकडे सर्रास येतात. परिषदेचा विषय ‘बदलते हवामान आणि फळबागा’ असा धरू.

शीर्षक: केळीच्या उत्पादनावर स्कर्टिंग बॅगचा होणारा परिणाम: एक अभ्यास

*केळी हे जळगाव जिल्ह्याचे महत्त्वाचे पीक असून हजारो शेतकरी कुटुंबे त्यावर अवलंबून आहेत. केळी पौष्टिक असून तिला जगभर मागणी आहे. हिवाळ्यात थंडीमुळे घडाची वाढ खुंटते. प्रस्तुत अभ्यासात रावेर तालुक्यातील दोन शेतांत ग्रँड नैन जातीच्या घडांना निसवणीनंतर स्कर्टिंग बॅग घालण्यात आल्या. पिशवीच्या आतील व बाहेरील तापमान नोंदवण्यात आले. पिशवीतील घडांचे वजन जास्त आढळले आणि काढणी लवकर झाली. निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहेत. सर्व केळी उत्पादकांनी या पिशव्या वापराव्यात अशी शिफारस करण्यात येते. या तंत्रज्ञानामुळे केळी उत्पादनात क्रांती घडेल.*

ज्यांचा केळीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: निसवण म्हणजे झाडातून केळफूल बाहेर पडून घड धरू लागणं. घडावर चढवायची मोठी, खालून उघडी पिशवी म्हणजे स्कर्टिंग बॅग. जूनमध्ये लावलेल्या मृगबागेची निसवण ऐन थंडीत सापडू शकते. पारा साधारण 13 अंशांच्या खाली गेला की केळीच्या फळाला इजा होऊ लागते, आणि त्याच्या आधीपासूनच झाडाची वाढ मंदावलेली असते. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

## तीन खाने वेगळे का ठेवायचे?

कापूस खरेदी केंद्रावर गाडी आली की ग्रेडर ओलावा मीटरने पाहतो, धाग्याची लांबी वेगळी पाहतो आणि कचरा-कवडी वेगळी पाहतो. धागा लांब आहे म्हणून ओला कापूस कोरडा ठरत नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्टचंही तसंच आहे. विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून प्रयोग नवा होत नाही, आणि इंग्रजी सफाईदार आहे म्हणून निकाल स्पष्ट होत नाही.

रिव्ह्यूअरचा घोटाळा बहुधा इथेच होतो. पहिल्या दोन ओळी आवडल्या की तिन्ही खान्यांत गुण वाढतात, आणि व्याकरणाची एक चूक खटकली की तिन्ही खान्यांत घटतात. त्यावर साधा उपाय आहे. आधी फक्त पहिला प्रश्न मनात ठेवून मजकूर वाचायचा, गुण आणि त्यामागचं एक वाक्याचं कारण लिहायचं. मग दुसऱ्या प्रश्नासाठी पुन्हा वाचायचा. अडीचशे शब्द तीनदा वाचायला फार वेळ लागत नाही.

## पहिला खाना: विषयाशी संबंध

वरच्या मजकुरातली पहिली दोन वाक्यं संबंध दाखवण्यासाठीच लिहिलेली आहेत. केळी महत्त्वाची, केळी पौष्टिक. पण परिषद हवामानावर आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे लिहिलं असतं तरी हवामानाशी नातं जुळलं नसतं.

मी एक कसोटी वापरतो. पिकाचं आणि गावाचं नाव खोडायचं आणि उरलेलं वाचायचं. जे उरलं ते परिषदेच्या प्रश्नाशी बोलतंय का? इथे नावं खोडल्यावर एकच धागा उरतो: थंडीत वाढ खुंटते, म्हणून आवरण घातलं आणि आतलं-बाहेरचं तापमान नोंदवलं. हा धागा परिषदेच्या विषयाला थेट भिडतो. दुर्दैव असं की लेखकाने तो मध्येच पुरून ठेवलाय. तापमान नोंदवलं म्हणतो आणि किती निघालं ते सांगतच नाही. शीर्षकातही थंडीचा उल्लेख नाही.

मी इथे पाचपैकी चार गुण देईन. मांडणीतला दोष संबंधाच्या खान्यात कापायचा नाही, त्याच्यासाठी तिसरा खाना आहे. एक गुण कमी का? कारण निकालाचं वाक्य वजनाबद्दल आहे, तापमानाबद्दल नाही. लेखकाला मी सुचवेन की शीर्षकात ‘थंडीतील निसवण’ आणा, आणि आयोजकांना सांगेन की हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट ‘उत्पादन तंत्र’ गटाऐवजी ‘हवामानाचा ताण’ या गटात घ्या. गट चुकल्यामुळे चांगलं काम बाहेर राहतं, असं अनेकदा होतं. रिव्ह्यूअरच्या एका ओळीने ते टळतं.

## दुसरा खाना: नवेपणा

या खान्यात सगळ्यात जास्त अंदाजाने गुण पडतात. रिव्ह्यूअरने ऐकलं नसेल तर ते नवं, ऐकलं असेल तर जुनं. हे योग्य नाही. थोडा शोध घ्यायलाच हवा, आणि त्याला फार वेळ लागत नाही. गुगल स्कॉलरवर दोन-तीन वेगवेगळ्या शब्दांनी पाहायचं. शेतीचा विषय असेल तर कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर आणि इतर विद्यापीठांचे ‘शोधगंगा’वर मिळतात. आपल्या उदाहरणासाठी मी असं टाइप करेन:

```
banana "bunch cover" temperature
banana bunch cover winter chilling yield
```

पहिल्याच पानावर ध्यानात येतं की घडाला आवरण घालणं ही जगभरातल्या केळी पट्ट्यांतली अनेक दशकांची रीत आहे. ऑस्ट्रेलियापासून मध्य अमेरिकेपर्यंत ती चालते. फळावर डाग पडू नयेत, किडीपासून बचाव व्हावा आणि थंड भागात घडाभोवती थोडी ऊब राहावी, यासाठी पिशव्या घालतात. आपल्याकडेही निर्यातीची केळी करणारे शेतकरी त्या वापरतात. तेव्हा ‘पिशवी घातली आणि घड सुधारला’ एवढाच दावा असेल तर तो नवा नाही.

पण इथेच थांबून एक गुण टाकणं हा अन्याय होईल. नवेपणा अनेक प्रकारचा असतो. प्रश्न नवा असू शकतो, मोजण्याची पद्धत नवी असू शकते, किंवा जुनाच प्रश्न नव्या परिस्थितीत विचारलेला असू शकतो. तिसऱ्या प्रकाराबद्दल वाद होतो. ‘हा प्रयोग आमच्या तालुक्यात पहिल्यांदाच झाला’ असं वाक्य कितीतरी अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये असतं. तालुका बदलला एवढ्याने काम नवं होत नाही. तालुका बदलल्याने उत्तर बदलण्याचं काही कारण असेल, तर होतं.

रावेरच्या बाबतीत असं कारण आहे. आपल्याकडे हिवाळ्यात पहाट कडक थंड आणि दुपार चांगली तापलेली, हे एकाच दिवसात घडतं. ढगाळ, दमट आणि दिवसभर सारखं हवामान असलेल्या प्रदेशात पिशवीचा जो परिणाम दिसला, तोच इथे दिसेल असं गृहीत धरता येत नाही. रात्री पिशवीतली ऊब कितपत टिकते आणि दुपारी आत किती तापतं, या दोन्हींचा हिशेब एकत्र कुणी मांडला तर ते वाचण्यासारखं काम आहे. लेखकाकडे ही नोंद आहे असं दिसतं, कारण आत-बाहेर तापमान मोजल्याचं तो स्वतःच सांगतो. त्याने फक्त ते निकालात आणलेलं नाही.

म्हणून मी इथे दोन गुण देईन आणि कारण लिहीन: आवरणाने घड सुधारतो हे आधीच माहीत आहे; थंड पहाट आणि तापलेली दुपार असलेल्या भागात पिशवीच्या आत नेमकं काय होतं, याची तुमची नोंद नवी ठरू शकते, ती आणि तिचे आकडे पुढे आणा. ‘आधी काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं’ याचं एक वाक्य अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये असलंच पाहिजे. ते लेखकाने लिहायचं असतं, रिव्ह्यूअरने शोधून काढायचं नसतं.

जुनाच प्रयोग पुन्हा करून पाहणं वाईट नाही, हेही इथे सांगायला हवं. शेतीत तर ते फार गरजेचं आहे. लेखकाने ‘आम्ही अमुक निकाल पुन्हा तपासला’ असं स्पष्ट म्हटलं, तर मी त्याला नवेपणात मधले गुण देतो आणि शेऱ्यात त्याचं मोल लिहितो. पुन्हा केलेलं काम ‘पहिल्यांदाच’ म्हणून मांडणं मात्र चालत नाही.

## तिसरा खाना: स्पष्टता

स्पष्टता म्हणजे इंग्रजी चांगलं असणं, असा समज आहे. तळोद्याच्या किंवा शिरपूरच्या कॉलेजातल्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या संशोधकाचे गुण इथेच कापले जातात. व्याकरणाची चूक असून अर्थ एकच निघत असेल, तर मजकूर स्पष्ट आहे. व्याकरण निर्दोष असून दोन अर्थ निघत असतील, तर तो अस्पष्ट आहे.

माझी कसोटी अशी: अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून मला कोऱ्या कागदावर त्या प्रयोगाचं चित्र काढता येतं का? आपल्या उदाहरणाचं चित्र काढायला बसू. दोन शेतं आहेत. ठीक, दोन चौकोन काढले. किती झाडं? माहीत नाही. पिशवी कोणत्या झाडांना घातली? माहीत नाही. दोन्ही शेतांत काही घड झाकलेले आणि काही उघडे होते, की एक शेत पूर्ण झाकलेलं आणि दुसरं पूर्ण उघडं?

सगळा निकाल या एका प्रश्नावर उभा आहे. समजा एक शेत झाकलेलं आणि दुसरं उघडं होतं. मग वजनातला फरक पिशवीचा की जमिनीचा? एकाचं पाणी जास्त असेल, एकाने ड्रिपमधून खत वेळेवर सोडलं असेल, एकाची रोपं पंधरा दिवस आधी लागली असतील. तिथे शंभर-शंभर घड मोजले तरी उपयोग नाही, कारण तुलना शंभर विरुद्ध शंभर घडांची नसून एका शेताची दुसऱ्या एका शेताशी आहे. शेतीच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ही चूक वारंवार दिसते, आणि सारांशात झाडांचा मोठा आकडा पाहून रिव्ह्यूअर फसतो.

आता निकालाचं वाक्य घेऊ. ‘वजन जास्त आढळले.’ कशापेक्षा आणि किती? पाव किलो जास्त असलं तरी जास्तच आणि पाच किलो असलं तरी जास्तच. ‘काढणी लवकर झाली’, पण किती दिवसांनी? घड सारख्याच पक्वतेला काढले का? झाकलेले घड जास्त भरल्यावर काढले असतील तर वजन वाढणारच. ‘लक्षणीय’ हा शब्दही आकड्याशिवाय काही सांगत नाही. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की असा फरक निव्वळ योगायोगाने दिसणं अवघड आहे. तो फरक शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

शेवटची दोन वाक्यं निकालाच्या फार पुढे गेली आहेत. एका तालुक्यातल्या दोन शेतांवरून ‘सर्व केळी उत्पादकांनी’ काय करावं, हे सांगता येत नाही. पिशवीचा आणि ती चढवायच्या मजुरीचा खर्च कुठेच आलेला नाही. ‘क्रांती’ हा शब्द मी शेऱ्यात उद्धृत करून काढायला सांगतो.

तिसऱ्या खान्यात दोन गुण. प्रश्न कळतो, पण प्रयोगाचं चित्र काढता येत नाही आणि निकालात एकही आकडा नाही.

## अडीचशे शब्दांत एवढं मावणार कसं?

हा आक्षेप विद्यार्थ्यांकडून हमखास येतो: “सर, जागाच कुठे आहे?” जागा असते, ती भलत्या ठिकाणी खर्च झालेली असते. आपल्या उदाहरणातली पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं काढली की जवळजवळ निम्मा मजकूर मोकळा होतो. त्या जागेत काय बसू शकतं ते पाहा. यातले आकडे कल्पित आहेत, फक्त मांडणी दाखवण्यासाठी.

*घडावरील आवरणाने फळाची प्रत सुधारते हे ज्ञात आहे. मात्र पहाटे थंड व दुपारी उष्ण अशा हवामानात पिशवीच्या आतील तापमान कसे बदलते याची नोंद आम्हाला आढळली नाही. रावेर तालुक्यातील एका मृगबागेत डिसेंबरच्या एकाच आठवड्यात निसवलेली ग्रँड नैन जातीची 60 झाडे निवडली. चिठ्ठ्या टाकून 30 घडांना पिशवी घातली, 30 उघडे ठेवले. दर अर्ध्या तासाने तापमान नोंदवले. पिशवीतील रात्रीचे किमान तापमान सरासरी 0.9 अंशाने जास्त होते. सारख्या पक्वतेला काढलेल्या पिशवीतील घडांचे सरासरी वजन 21.6 किलो, उघड्या घडांचे 20.3 किलो, फरक 1.3 किलो (95 टक्के विश्वास अंतराल 0.2 ते 2.4). वाऱ्याने पडलेली 4 झाडे (पिशवीची 3, उघडे 1) वगळली. हा प्रयोग एका शेतातील व एका हंगामातील आहे.*

शंभर शब्दांच्या आसपासचा मजकूर आहे आणि चित्र पूर्ण काढता येतं. विश्वास अंतराल म्हणजे खरा फरक साधारण कोणत्या मर्यादांच्या मध्ये असावा, याचा अंदाज. इथे तो पाव किलोच्या आतबाहेर असू शकतो आणि सव्वादोन किलोच्या पुढेही. पिशवीच्या खर्चाचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला या दोन टोकांमधला फरक फार मोठा आहे, आणि लेखकाने तो लपवलेला नाही.

मात्र रिव्ह्यूअरने इथेही डोळे मिटू नयेत. पडलेल्या चार झाडांपैकी तीन पिशवीची आहेत. आकडा लहान आहे, योगायोग असू शकतो. पण पिशवीत वारा भरून झाड कलतं का, किंवा जड घडांचीच झाडं पडली का, हे विचारायला हवं. जड घडांची झाडं पडली असतील तर उरलेल्यांची सरासरी खाली येते आणि पिशवीचा खरा परिणाम कमी दिसतो. पिशवीमुळेच झाडं पडत असतील, तर शेतकऱ्याचा फायदा त्यात वाहून जाईल. हा प्रश्न विचारता आला तो लेखकाने चार झाडांचा हिशेब दिला म्हणून. आकड्यांची बेरीज जुळते का हे दरवेळी पाहायचं: सुरुवातीला 60 आणि निकालात 52 असतील, तर आठ कुठे गेली?

## गुण झाले, आता शेरा काय लिहायचा?

चार, दोन, दोन. बेरीज आठ. बेरजेवरून निर्णय देण्याची आयोजकांची पद्धत असते, आणि ती अपुरी आहे. विषयाशी संबंधच नसेल तर बाकीच्या दोन खान्यांतले पाच-पाच गुण त्या परिषदेच्या कामाचे नाहीत. उलट आपल्या उदाहरणातली उणीव दुरुस्त होण्यासारखी आहे. म्हणून शिफारस शब्दांत लिहावी. मी असं लिहीन:

*“थंडीत निसवलेल्या घडाभोवतीचं तापमान हा तुमच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, तो शीर्षकात आणि निकालात आणावा. झाडांची संख्या, पिशवी कोणत्या झाडांना आणि कशी निवडून घातली, तापमानातला आणि वजनातला फरक आकड्यांत द्यावा. दोन शेतांपैकी प्रत्येकात झाकलेले व उघडे असे दोन्ही प्रकारचे घड होते का, हे स्पष्ट करावं. नसल्यास वजनातल्या फरकाचं श्रेय पिशवीला देता येणार नाही. शेवटची शिफारस दोन शेतांच्या निकालापुरती मर्यादित करावी.”*

आयोजकांना: दुरुस्ती मागवता येत असेल तर दुरुस्तीनंतर पोस्टर, मागवता येत नसेल तर या स्वरूपात नाही.

दुसरा पर्याय कठोर वाटेल. ‘नवीन पोरगा आहे, घेऊन टाका’ असं म्हणणारे ज्येष्ठ असतात, आणि त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण असा मजकूर परिषदेच्या पुस्तिकेत छापला गेला की ‘पिशवीने लक्षणीय वाढ’ एवढंच पुढच्या दहा जणांच्या संदर्भात जातं. त्या मुलाला वरचा शेरा मिळाला तर त्याच नोंदवहीतून तो पुढच्या परिषदेला पक्कं काम घेऊन जाऊ शकतो.

शेरा लिहिताना ‘अस्पष्ट’, ‘सामान्य’, ‘सुधारणा आवश्यक’ असे सुटे शब्द टाळावेत. लेखकाला त्यातून काही करता येत नाही. प्रत्येक हरकतीत मजकुरातलं वाक्य दाखवावं आणि तिथे काय हवं ते सांगावं. आयोजकांना वेगळा गोपनीय शेरा लिहायची सोय असते. लेखकाला गोड आणि आयोजकांना कडू असं तिथे करू नये.

## लेखकाचं नाव झाकायची खरंच गरज आहे का?

‘आपण निःपक्षपाती आहोत, नाव दिसलं म्हणून काय बिघडतं?’ असं विचारलं जातं. याचं उत्तर मोजून मिळालेलं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या वार्षिक परिषदेत 2001 पर्यंत अ‍ॅबस्ट्रॅक्टवर नाव आणि संस्था दिसत असे; 2002 पासून ती झाकली गेली. 2000 ते 2004 या काळातल्या 67 हजारांहून जास्त अ‍ॅबस्ट्रॅक्टचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नाव दिसत असताना अमेरिकेतले साधारण 41 टक्के आणि बाहेरच्या देशांतले साधारण 23 टक्के स्वीकारले जात होते. नाव झाकल्यावर अमेरिकेतल्यांचं प्रमाण 33 टक्क्यांवर आलं, बाहेरच्यांचं 24 च्या आसपास गेलं. दरी उरली, पण बरीच अरुंद झाली.

मुंबई-पुण्याच्या नामांकित संस्थेचा आणि अक्कलकुव्याच्या कॉलेजचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट शेजारी ठेवून पाहा, मग हे आकडे परके वाटत नाहीत. आयोजकांनी नाव झाकलं नसेल तर रिव्ह्यूअरने आधी मजकूर वाचावा, गुण लिहावेत आणि मगच नावाकडे पाहावं.

## दोन रिव्ह्यूअर वेगळं सांगतात, मग हा जुगारच नाही का?

मतं वेगळी पडतात हे खरं आहे. मशीन लर्निंगच्या एका मोठ्या परिषदेने, आज तिला न्यूरिप्स म्हणतात, 2014 मध्ये हे तपासलं. 166 लेख दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. त्यांतल्या 43 लेखांवर एका समितीने हो म्हटलं आणि दुसरीने नाही. तिथे पूर्ण लेख होते. अडीचशे शब्दांवर मतभेद कमी होतील असं मानायला जागा नाही.

पण कशावर मतभेद होतो हे पाहायला हवं. आपल्या उदाहरणात नवेपणाला मी दोन दिले, दुसरा तीन देईल आणि दोघांकडेही कारणं असतील. ‘झाडांची संख्या दिलेली नाही’ यावर मात्र दोघांचं एकमत होईल, कारण ती खरंच दिलेली नाही. म्हणूनच गुणांसोबत कारण हवं. दोन कारणं शेजारी ठेवून समितीला ठरवता येतं. कारणाशिवायचे दोन आणि चार समोर आले तर ती सरासरी काढून मोकळी होते.

## ओळखीच्या माणसाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट आला तर?

खान्देशातलं केळी संशोधनाचं वर्तुळ लहान आहे. नाव झाकलं तरी ‘रावेर, स्कर्टिंग बॅग, तापमान नोंदणी’ एवढ्यावरून हे कुणाचं काम आहे हे कळू शकतं. आपला विद्यार्थी, आपला गाइड, नात्यातला माणूस, ज्याच्यासोबत सध्या एखादा प्रकल्प चालू आहे तो सहकारी, किंवा ज्याच्याशी जुनं वाकडं आहे तो, यांपैकी कुणाचा असेल तर तपासू नये. पिशवी बनवणाऱ्या कंपनीकडून आपण स्वतः मानधन घेत असू, तर लेखक अनोळखी असला तरी तपासू नये. निव्वळ ओळख असेल तर आयोजकांना एका ओळीत कळवावं आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा.

आलेला मजकूर विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये, आणि त्यातली कल्पना आपल्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून देऊ नये. तो मजकूर अजून छापलेला नाही आणि आपला नाही. तपासायला नकार द्यायचा असेल तर फाइल उघडल्याच्या दिवशीच द्यावा. चार दिवसांच्या मुदतीतले तीन दिवस गेल्यावर आलेला नकार आयोजकांच्या उपयोगाचा नसतो, कारण दुसरा रिव्ह्यूअर शोधायला त्यांच्याकडे वेळ उरत नाही आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट कुणीही न वाचता तसाच पुस्तिकेत जातो.